डब्याची चिठ्ठी: कुणालाही न दुखावता पालकांना कसं लिहावं

जून उजाडला, शाळा भरली की पहिल्या पंधरवड्यात पालकांच्या हातात एक चिठ्ठी पडते. मजकूर साधारण असा असतो: "पाल्यास रोज पौष्टिक डबा द्यावा. वेफर्स, बिस्किटे, नूडल्स, ब्रेड-जाम आणू नये. आणल्यास डबा परत पाठवला जाईल. पाल्याच्या आरोग्याबाबत पालकांनी जागरूक राहावे."

लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला बाप ही चिठ्ठी वाचतो, तेव्हा त्याच्या लक्षात शेवटचं वाक्यच राहतं. आपण जागरूक नाही, असं शाळेनं आपल्याला लिहून कळवलंय, एवढंच त्याला कळतं. दुसऱ्या दिवसापासून डबा सुधारत नाही. मुलगा बिस्किटाचा पुडा दप्तराच्या तळाशी लपवून आणायला लागतो, नाहीतर डबा आणतच नाही.

मी कोल्हापुरात पहिलीच्या वर्गाला शिकवते. आमच्यासारख्या वर्गशिक्षकांसाठी आणि पालक-शिक्षक संघात काम करणाऱ्यांसाठी ही चिठ्ठी कशी लिहायची ते इथे टप्प्याटप्प्यानं सांगते. उदाहरणाला सकाळ सत्राची शाळा घेते. साडेसातला भरते, साडेबाराला सुटते, दहाला वीस मिनिटांची मधली सुट्टी असते. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला शाळेतच पोषण आहार मिळतो, त्यामुळे तिथला डबा लहान सुट्टीपुरता असतो आणि चिठ्ठीही त्याच बेताची लागते. इथे घेतलेल्या वर्गाला तो आहार नाही, म्हणजे घरी परत जाईपर्यंत मुलाच्या पोटाला आधार तो डब्याचाच.

आधी परत जाणारे डबे बघा

चिठ्ठी लिहायच्या आधी आठवडाभर मधल्या सुट्टीत मुलांमध्ये बसा. काय आणलंय यापेक्षा काय उरतंय आणि का उरतंय ते बघा. वहीत नोंद करायची असेल तर मुलांची नावं लिहू नका, फक्त कारणं लिहा.

कारणं बघून पुष्कळ शिक्षकांना नवल वाटतं, कारण त्यांचा पोषणाशी संबंधच नसतो. स्टीलच्या डब्याचं झाकण सहा वर्षांच्या बोटांना उघडत नाही. मूल दोनदा प्रयत्न करतं, बाईंना सांगायला लाजतं आणि डबा तसाच दप्तरात टाकतं. चपाती गरमागरम भरलेली असते, ती वाफेनं ओली होते आणि दहापर्यंत तिचा गोळा होतो. अख्खं सफरचंद येतं, पण दुधाचे पुढचे दात पडलेले असल्यामुळे चावता येत नाही. वीस मिनिटांतली पाच मिनिटं हात धुण्याच्या रांगेत जातात, दोन मिनिटं जागेवरून भांडण्यात जातात, आणि उरलेल्या वेळात अडीच चपात्या संपत नाहीत.

शेजारी काय म्हणतो, हे आणखी एक कारण. माझ्या वर्गात एक मुलगी डब्याचं झाकण उभं धरून त्याच्या आडून खायची. डाव्या हातानं झाकण, उजव्या हातानं घास. डब्यात काय होतं? नाचणीची भाकरी आणि वाटलेली शेंगदाण्याची चटणी. वर्गातल्या सगळ्यांत चांगल्या डब्यांपैकी एक. कुणीतरी "काळी भाकरी" म्हणून हसलं होतं, तेवढं पुरलं. अशा घरी "पौष्टिक डबा द्या" ही चिठ्ठी गेली असती, तर त्या आईनं काय समजायचं होतं?

दुसरी बाजू एका आज्जींनी मला शाळेच्या दारात सांगितली. "बाई, भाकरी दिली की तशीच्या तशी परत येतीया. बिस्कीट दिलं की डबा रिकामा. पोरगं उपाशी राहण्यापेक्षा बिस्कीट बरं की नाही, सांगा." त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. त्यांना पोषणाचा धडा नको होता. भाकरी परत का येते, हे शाळेनं त्यांना सांगायला हवं होतं. पुड्याचे पदार्थ घरोघरी याच वाटेनं डब्यात येतात. ते उघडायला सोपे असतात, सुकत नाहीत, कुणी हसत नाही आणि डबा रिकामा येतो. आळस किंवा अडाणीपणा हे कारण क्वचितच असतं.

अट, विनंती आणि सुचवणं वेगवेगळं ठेवा

मुलांमध्ये बसून झालं की सांगायच्या गोष्टींचे तीन ढीग करा. चिठ्ठी दुखावते त्याचं मोठं कारण म्हणजे हे तिन्ही एकाच आज्ञेच्या सुरात लिहिले जातात. काचेची बाटली आणू नका आणि नूडल्स आणू नका, दोन्ही एकाच वजनानं.

अटी फक्त सुरक्षिततेच्या असाव्यात आणि त्या मोजक्याच निघतात. काचेचा डबा-बाटली नको. कुठल्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असेल तर शाळेला आधी कळवायला हवं. आपल्याकडे हे विशेष महत्त्वाचं आहे, कारण शेंगदाण्याचं कूट आपल्या भाजीत, चटणीत, आमटीत सगळीकडे असतं आणि मुलं एकमेकांच्या डब्यातलं खातात. शाळेला बालवाडी जोडलेली असेल तर आणखी एक अट घाला. पाच वर्षांखालच्या मुलाच्या डब्यात अख्खे शेंगदाणे, अख्खे फुटाणे, पॉपकॉर्न आणि अख्खी द्राक्षं नकोत, कारण हसता-बोलता ती श्वासनलिकेत अडकू शकतात. द्राक्षं उभी चिरून, शेंगदाणे कूट करून किंवा लाडवातून चालतात. असल्या ठिकाणी भाषा सरळ आणि ठाम हवी. "शक्य असल्यास" वगैरे इथे लिहू नये.

विनंती एकच असावी. एका चिठ्ठीत एक. आठवडाभराच्या निरीक्षणात जे सगळ्यात जास्त दिसलं ते घ्या. समजा पहिलीच्या वर्गात बऱ्याच मुलांच्या डब्यात नुसतं गोड किंवा नुसतं तळलेलं दिसलं, तर विनंती एवढीच करायची: डब्यात एक तरी पदार्थ पोटाला टिकणारा असावा. म्हणजे डाळ, कडधान्य, शेंगदाणे, दूध-दह्याचं काही, किंवा ज्या घरी चालतं तिथे अंडं. वेफर्स बंद करा असं म्हणायची गरजच पडत नाही. डब्याला जागा मर्यादित असते. उसळ आत गेली की वेफर्स आपोआप कमी होतात, आणि कुणाला काही टाकून द्यायला लागत नाही.

बाकी सगळं तिसऱ्या ढिगात, म्हणजे सुचवण्यात. चिरलेलं फळ, काकडी-गाजराच्या फोडी, चपाती थोडी निवू देऊन भरणं. हे पालकांनी केलं तर आनंद, नाही केलं तर कुणी विचारणार नाही, हे चिठ्ठीतच स्पष्ट लिहा.

कारण वर्गातलं द्या

"आजकाल मुलांमध्ये लठ्ठपणा वाढतो आहे" अशी सुरुवात केली की पालक आपल्या मुलाच्या अंगाकडे बघायला लागतो, किंवा शाळा बघतेय असं त्याला वाटतं. ज्याचं मूल अंगानं भरलेलं आहे त्याला लागतं, आणि ज्याचं काटकुळं आहे त्याला वाटतं हे आपल्यासाठी नाहीच. वजन, उंची, अशक्तपणा हे विषय सगळ्यांना जाणाऱ्या चिठ्ठीत नकोतच. कुणाची काळजी वाटली तर ते त्या पालकांशी एकट्यात बोलायचं.

शिक्षकाला खात्रीनं सांगता येतं ते वर्गात दिसलेलं. दहाला क्रीमचं बिस्कीट आणि वेफर्स खाल्लेलं मूल साडेअकराला पुन्हा "बाई, भूक लागली" म्हणतं, बाकावर डोकं टेकवतं. मैदा आणि साखर लवकर पचते आणि भूकही लवकर परत येते. डाळ-कडधान्यातली प्रथिनं आणि तंतू पचायला वेळ घेतात, म्हणून उसळ-चपाती खाल्लेलं मूल साडेबारापर्यंत तग धरतं. एवढं कारण पुरे होतं. त्यात कुणाच्या स्वयंपाकघराबद्दल काही नाही, फक्त साडेअकराच्या तासाबद्दल आहे.

आपल्या भागात गुळाचा प्रश्न हमखास येतो. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, घरोघरी त्याचा अभिमान आहे, आणि "साखर नको, गूळ द्या" असं शिक्षकही सहज लिहून जातात. खरं सांगायचं तर गूळ ही मुख्यतः साखरच आहे. लोह आणि इतर खनिजं थोडी असतात, पण त्यासाठी गूळ हवा तेवढा चालेल असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितली आहे, आणि गूळ, मध त्यातच धरले जातात. म्हणून चिठ्ठीत गुळाला शिफारस नको आणि दोषही नको. "शेंगदाणा-गुळाचा छोटा लाडू" असं लिहिलं की पुरे. त्या लाडवात शेंगदाणे जास्त आणि गूळ बांधण्यापुरता असतो, हे करणारीला माहीत असतं.

पदार्थांची नावं आपल्याच वर्गातून घ्या

नमुन्याचे डबे सुचवताना इंटरनेटवरची यादी उतरवून काढू नका. ओट्स, ब्रोकोली, बदाम, पीनट बटर अशी नावं वाचली की ज्या घरात ती आणली जात नाहीत ते घर यादीतूनच बाहेर पडतं. आठवडाभरात वर्गात जे चांगले डबे दिसले त्यांतूनच नावं उचला. कोल्हापुरातल्या कुठल्याही वर्गात मोडाची मटकी, पिठलं, मेथीचे धपाटे, थालीपीठ, आंबोळी, नाचणीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे, केळं, पेरू यांतलं पुष्कळसं सापडतं. यादी वाचताना जवळपास प्रत्येक घराला आपला एक तरी पदार्थ दिसला पाहिजे. नाचणीच्या भाकरीचं नाव तर मी मुद्दाम वरच्या बाजूला घालते. झाकणाआड खाणाऱ्या मुलीच्या घरी ती चिठ्ठी वेगळी वाचली जाते.

मांसाहाराबद्दल शाळेचा काही नियम असेल तर तो नियम म्हणून वेगळा कळवावा, पौष्टिकतेच्या चिठ्ठीत मिसळू नये. आपल्याकडे एकाच बाकावर जैन, लिंगायत, मराठा, मुस्लिम घरांतली मुलं बसतात. "अंडं चालत असेल त्या घरी उकडलेलं अंडं" असं लिहिलं की कुणाला खटकत नाही. श्रावणात, नवरात्रात, रमजानमध्ये डबे बदलतात, तेही धरून चाला. साबुदाण्याची खिचडी आली तर त्यात शेंगदाण्याचं कूट असतंच, त्यावर बोलायचं काही कारण नाही.

मला स्वतःला चिठ्ठीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो गडबडीच्या दिवसाचा डबा. प्रत्येक घरात अशी सकाळ येते. गॅस संपतो, नळाचं पाणी उशिरा येतं, आई माहेरी गेलेली असते, बापाची पाळी बदलते. त्या दिवशी काय द्यायचं ते शाळेनंच आधी सांगून ठेवलं तर पालकाला ओशाळं वाटत नाही. चुरमुऱ्यात मूठभर शेंगदाणे आणि फुटाणे घालून वर लिंबू पिळलं की पाच मिनिटांत डबा होतो. चपातीला शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळी करणं आणखी सोपं. तेही जमलं नाही तर एक केळं आणि जे घरात असेल ते. "जे घरात असेल ते" हे शब्द जसेच्या तसे लिहा. त्यात बिस्कीटही आलं, आणि ते येऊ द्यावं.

शाळा काय करणार, तेही लिहा

पालकांकडे काही मागताना शाळेनं आपल्याकडचं काही दिलं पाहिजे, नाहीतर चिठ्ठी एकतर्फी होते. झाकण न उघडणाऱ्या मुलांना सुट्टीच्या सुरुवातीला मदत करू, हे लिहा. हात धुण्याची रांग पाच मिनिटं आधी सोडू, म्हणजे खायला पूर्ण वेळ मिळेल, हेही लिहा, आणि मुख्याध्यापकांशी बोलून ते खरंच करा.

शाळेच्या आवारातच वेफर्स विकायला असतील किंवा वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं वाटली जात असतील, तर आधी ते बघावं लागेल. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त चरबी, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायला मनाई आहे. हा नियम विक्रीचा आहे, डब्याचा नाही. त्याचा धाक पालकांना दाखवू नये. स्वतःच्या स्टोअरसाठी मात्र शाळेनं तो जरूर वाचावा. वाढदिवसाचं म्हणाल तर "वाटण्यासाठी काही आणण्याची गरज नाही, आम्ही वर्गात गाणं म्हणू" असं आधीच कळवलं तर कमी पगाराच्या घरावरचं एक ओझंही उतरतं.

पूर्ण चिठ्ठी

आता वरच्या सगळ्याची मिळून इयत्ता पहिलीची चिठ्ठी कशी होते ते बघा.

"प्रिय पालक,

सप्रेम नमस्कार. शाळा सुरू होऊन काही दिवस झाले. मधल्या सुट्टीत मी मुलांबरोबर बसते. मुलं कुणाच्या डब्यात काय आहे ते मोठ्या आनंदानं दाखवतात. सकाळच्या घाईत आपण सगळे डबा भरून देता, त्याबद्दल मनापासून आभार.

बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली. साडेअकराच्या सुमारास बऱ्याच मुलांना पुन्हा भूक लागते आणि शेवटच्या तासाला ती दमतात. म्हणून एक विनंती आहे. डब्यात पोटाला टिकणारा एक पदार्थ जमेल तेव्हा असावा. आपल्या वर्गातच असे डबे येतात: नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी आणि चटणी, मटकीची उसळ-चपाती, थालीपीठ, धपाटे, पिठलं, शेंगदाण्याचा लाडू, ज्या घरी चालतं तिथे उकडलेलं अंडं. सोबत चिरलेलं फळ किंवा काकडी असेल तर मुलं आवडीनं खातात.

खायला पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात या वयाच्या मुलाची साधारण एक-दीड चपाती आणि अर्धी वाटी भाजी किंवा उसळ होते. डबा परत आला तर मूल जेवत नाही असं समजू नये, कधी कधी वेळच पुरत नाही.

काही सकाळी काहीच जमत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. अशा दिवशी चुरमुरे-शेंगदाणे, चपाती-चटणीची गुंडाळी, केळं, किंवा जे घरात असेल ते द्यावं. डब्यात काय आहे यावरून वर्गात कुणालाही काहीही बोललं जाणार नाही आणि कुणाचाही डबा परत पाठवला जाणार नाही.

दोन गोष्टी मात्र सगळ्यांनी पाळाव्यात. काचेचा डबा किंवा बाटली देऊ नये. मुलाला एखादा पदार्थ सोसत नसेल किंवा त्याची अ‍ॅलर्जी असेल तर या आठवड्यात मला सांगावं. ही माहिती माझ्यापाशीच राहील आणि गरजेपुरती मुख्याध्यापकांना कळवेन.

आमच्याकडून सुट्टीच्या आधी हात धुऊन घेऊ, झाकण उघडायला मदत करू. घरी एकदा मुलाला डबा उघडायला-लावायला देऊन बघावं.

डब्याबद्दल काही बोलायचं असेल तर शाळा सुटल्यावर मी वर्गातच असते.

आपली,
वर्गशिक्षिका"

एका पानात बसते, आणि बसलीच पाहिजे. दोन पानांची झाली तर विनंत्या एकापेक्षा जास्त शिरल्यात असं समजा.

एक-दोन गोष्टी मुद्दाम बघण्यासारख्या आहेत. "मातांनो" किंवा "आईनं द्यावा" असं कुठेही नाही. डबा आज्जी भरते, आत्या भरते, कधी बाप भरतो, आणि आई नसलेलं मूल ती चिठ्ठी घरी वाचून दाखवणार असतं. "देता" हे आपण गृहीत धरलंय, "देत जा" म्हटलेलं नाही. परत आलेल्या डब्याचं कारण सांगणारं वाक्य आज्जींसारख्यांसाठी आहे. ते वाचून पुष्कळ पालक दोन चपात्यांवरून सव्वा चपातीवर येतात आणि डबा संपायला लागतो. "वर्गात कुणालाही काहीही बोललं जाणार नाही" हे लिहिलं की ते शिक्षकाला पाळावं लागतं. पाळणं शक्य नसेल, म्हणजे सहकारी शिक्षक डबे तपासत फिरत असतील, तर आधी शिक्षकखोलीत बोलून घ्या, मग चिठ्ठी काढा.

पाठवण्याआधी तिघांकडून वाचून घ्या

शाळेतल्या मावशींना वाचायला द्या. त्यांची मुलंही शाळेत जातात, आणि कुठलं वाक्य बोचतं ते त्या पटकन सांगतात. ज्यांच्या घरी सकाळ सगळ्यात ओढाताणीची असते अशा एका पालकांना दाखवा. तिसरं कुणीतरी असं बघा ज्यांना मराठी वाचायला अडचण येते. आपल्याकडे कन्नड बोलणारी घरं आहेत, उत्तरेकडून कामाला आलेली घरं आहेत, आणि ऊसतोडीच्या हंगामात आलेली मुलं वर्गात बसत असतील तर त्यांच्या घरी कागद वाचला जाईलच असं नाही. त्यांना शाळा सुटताना दारात दोन वाक्यांत सांगणं बरं: डब्यात भाकरी-चटणी चालते, उत्तम आहे, आणि काही सोसत नसेल तर सांगा.

कागद सगळ्यांना एकाच दिवशी द्या. निवडक पालकांना दिला तर ते एकमेकांना विचारतात आणि ज्याला मिळाला त्याला कळतं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा असेल तर कागदानंतर टाका आणि डब्यांचे फोटो टाकू नका, कौतुकाचेसुद्धा. एका सजवलेल्या डब्याच्या फोटोखाली अंगठे यायला लागले की बाकीच्यांना आपापले डबे खुजे वाटायला लागतात.

चिठ्ठी लागू पडली की टोचली, हे कसं ओळखायचं

पहिल्या दोन आठवड्यांत चिन्हं दिसतात. पालकांचे "सॉरी मॅडम, आज गडबडीत ब्रेड दिलाय" असे मेसेज यायला लागले तर चिठ्ठी टोचलीय असं समजा. त्यांना दिलगिरीची गरज वाटली, म्हणजे कुठेतरी दोष वाचला गेला. उत्तर एका ओळीचं द्या: "काही हरकत नाही ताई, डबा संपवला त्यानं." पुढचं काही शिकवू नका.

मुलं एकमेकांवर पहारा करायला लागली, "बाई, ह्यानं वेफर्स आणलेत" असं ओरडायला लागली, तर ते जास्त गंभीर आहे. तिथल्या तिथे शांतपणे म्हणा, "ज्याचा डबा त्याचा. आपापला खाऊया." आणि त्या वेफर्सवाल्या मुलाशेजारी जाऊन बसा. चांगल्या डब्याला चांदणी, हातावर शिक्का, "आजचा आदर्श डबा" असले प्रकार कितीही गोड वाटले तरी करू नयेत. सहा वर्षांचं मूल बाजारहाट करत नाही की स्वयंपाक करत नाही. ते बक्षीस किंवा त्याचा अभाव थेट त्याच्या घरच्यांना जातो.

कुणी पालक रागानं आलेच, तर चिठ्ठीचं समर्थन करत बसू नका. "तुमच्या मुलाच्या डब्याबद्दल काही नव्हतं, सगळ्यांना एकच कागद दिलाय" हे सांगा आणि विचारा, "सकाळी तुमच्याकडे वेळ कसा असतो?" या प्रश्नातून खरी अडचण बाहेर येते. कधी ती पैशाची असते. पैशाची असेल तर डब्याचं बोलणं तिथेच थांबवा आणि शाळेकडून काय मदत होऊ शकते ते मुख्याध्यापकांशी बोला.

लागू पडल्याची खूण साधी असते. परत जाणारे डबे कमी होतात, आणि झाकणं आडवी होतात.

उन्हाळ्याची दुसरी चिठ्ठी

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की चार ओळींची दुसरी चिठ्ठी काढावी लागते, कारण आता प्रश्न पौष्टिकतेचा नसून पदार्थ टिकण्याचा असतो. साडेसहाला भरलेला डबा दहाला उघडतो, आणि उन्हातल्या व्हरांड्यात दप्तरं ठेवलेली असतात. ओल्या खोबऱ्याची चटणी, उकडलेल्या बटाट्याची भाजी, पनीर, खव्याचं गोड आणि दहीभात हे पहिल्यांदा बिघडतात. रात्रीचा भात बाहेर राहिलेला असेल तर सकाळी फोडणी देऊनही तो डब्यात नको. भातात वाढणाऱ्या एका जातीच्या जंतूंचं विष गरम केल्यानं जात नाही आणि त्यानं उलट्या होतात. रात्रीची कोरडी भाकरी किंवा चपाती मात्र बहुधा चालते. कुणाच्या घरी शिळी भाकरी येत असेल त्यांना ओशाळवाणं वाटू नये म्हणून हे चिठ्ठीत आवर्जून लिहा.

त्या चिठ्ठीचा मजकूर असा ठेवता येईल: "ऊन वाढलंय. ओलं खोबरं, बटाटा, दही, पनीर आणि रात्रीचा भात या दिवसांत डब्यात टाळावा, लवकर आंबतो. कोरडी चटणी, थालीपीठ, भाकरी, धपाटे चांगले टिकतात. चपाती-भाजी थोडी निवल्यावर झाकण लावावं. वास आलेला डबा मुलानं खाऊ नये म्हणून आम्ही वर्गात सांगितलंय. असा डबा उरला तर तो उन्हामुळे उरला असं समजावं. मुलाला दुसरं काही खायला आम्ही देऊ. पाण्याची बाटली मोठी द्यावी, शाळेत पुन्हा भरून मिळेल."

हे शेवटचं लिहिण्याआधी शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीला नळ किती चालू आहेत ते बघून घ्या, आणि वर्गाच्या कपाटात केळी किंवा चुरमुरे-फुटाण्यांचा एक डबा भरून ठेवा.